५३० रुपयांची संध्याकाळ

शुक्रवारी रात्री बारा वाजता माझ्या एका वर्गमित्राने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. फूड डिलिव्हरी ॲपचा, हिरव्या अक्षरांत आकडा : ५३० रुपये. खाली त्याची कमेंट, ‘साडेपाच तासांत! तासाला जवळपास शंभर पडले. कोण म्हणतं पार्ट टाइममध्ये पैसे नाहीत?’ लगेच तिघांनी विचारलं, ‘जॉइन कसं व्हायचं रे?’

तुमच्याही ग्रुपवर असा स्क्रीनशॉट कधी तरी आला असेल. कदाचित तुम्हीच टाकला असेल. हॉस्टेलची मेस, रूमचं भाडं, क्लासची फी यांच्या मध्ये अडकलेल्या कुणालाही तासाला शंभर हा आकडा खुणावतोच. मग आम्ही दोघांनी ठरवलं, त्याच एका संध्याकाळचा पूर्ण हिशोब मांडायचा. तो कॉमर्सचा विद्यार्थी होता, मासकॉमला नंतर आला. त्यामुळे वहीत नोंदी ठेवायची त्याला सवय होती, आणि त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंगही त्याने लिहून ठेवलेलं होतं. ॲपचं नाव इथे मुद्दाम देत नाही. ही पद्धत कुठल्याही ॲपला लागू पडते.

आधी घड्याळ

तो वारज्यात राहतो आणि कर्वेनगर-कोथरूड भागात ऑर्डर घेतो. सहाला लॉगिन केलं, ११ वाजून ४० मिनिटांनी लॉगआउट. म्हणजे ५ तास ४० मिनिटं. ५३० ला तेवढ्या तासांनी भागलं की ९३ रुपये येतात. ‘जवळपास शंभर’ ते हेच.

पण तो घरातून ५ वाजून ५० मिनिटांनी निघाला होता. शेवटची ऑर्डर एरंडवण्यात पोचवली आणि वारज्यातल्या खोलीवर यायला बारा वाजले. ही जाण्यायेण्याची ३० मिनिटं ॲपच्या हिशोबात नाहीत, पण ती त्याच्या आयुष्यातून गेलीच. त्या वेळात तो ना अभ्यास करत होता, ना झोपला होता. म्हणजे खरा वेळ झाला ६ तास १० मिनिटं. आता ताशी रक्कम ८६ रुपये.

हा वेळ कुठे गेला ते पाहिलं तेव्हा त्यालाच आश्चर्य वाटलं. अकरा ऑर्डरी घेऊन ग्राहकाकडे जाण्यात ९८ मिनिटं गेली. रेस्टॉरंटपर्यंत पोचण्यात ५२. सोसायटीच्या गेटवर नोंद, लिफ्ट, ‘भैया, बी विंग नाही, डी विंग’ यांत ३६. रेस्टॉरंटच्या काउंटरपाशी उभं राहण्यात ७६ मिनिटं. आणि पुढची ऑर्डर कधी वाजते याची वाट बघण्यात ७८.

शेवटचे दोन आकडे एकत्र करा. १५४ मिनिटं, म्हणजे अडीच तासांहून जास्त. घराबाहेर घालवलेल्या वेळातला ४० टक्क्यांहून मोठा हिस्सा नुसता थांबण्यात गेला. त्याला पैसे ऑर्डरमागे मिळतात, तासामागे नाही. एका बिर्याणीच्या ठिकाणी १९ मिनिटं उभं राहावं लागलं, तेवढ्यात दुसरी छोटी ऑर्डर पोचवून झाली असती. काही ॲप ठरावीक मिनिटांनंतरच्या थांबण्याचे थोडे पैसे देतात. त्या संध्याकाळी त्याच्या खात्यात त्यापोटी काहीही जमा झालं नव्हतं.

मग किलोमीटर

५३० रुपये आले कसे, तेही बघू. अकरा ऑर्डरींचे मिळून ३९० रुपये. सगळ्यात लहान ऑर्डर २७ ची, सगळ्यात मोठी ५२ ची. अकरा ऑर्डरींचा टप्पा पूर्ण केला म्हणून इन्सेन्टिव्ह १२०. आणि एका काकूंनी दिलेली टिप २० रुपये.

ॲपने त्या दिवशीचं अंतर दाखवलं ५० किलोमीटर. यात रेस्टॉरंटपर्यंतचे १५ आणि तिथून ग्राहकापर्यंतचे ३५. पण स्कूटरच्या मीटरवर फरक होता ७१ किलोमीटरचा. मधले २१ गेले कुठे? घरून निघताना ३, घरी परतताना ७. उरलेले ११ म्हणजे ऑर्डर देऊन झाल्यावर रेस्टॉरंटच्या गर्दीच्या रस्त्याकडे रिकामं परत येणं. हे किलोमीटर ॲपच्या नकाशावर कुठेच नाहीत, कारण त्या वेळी तुमच्याकडे ऑर्डरच नसते. पेट्रोलला मात्र ते माहीत असतं.

म्हणून पहिला नियम : अंतर ॲपवरून घेऊ नका, गाडीच्या मीटरवरून घ्या. घरातून निघताना एक फोटो, परत आल्यावर एक फोटो. बास.

आता पेट्रोल. ‘माझी गाडी पन्नास देते’ असं तो ठामपणे सांगत होता. सिग्नल, स्पीडब्रेकर, दर दोन किलोमीटरला बंद-चालू अशा वापरात किती देते, ते मोजायची सोपी रीत आहे. टाकी काठोकाठ भरायची आणि मीटर लिहून ठेवायचं. तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवायची, मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. त्याची गाडी १६८ किलोमीटर चालली होती आणि दुसऱ्यांदा ४ लिटर पेट्रोल बसलं. ॲव्हरेज निघालं ४२. लिटरला १०४ रुपये धरले तर किलोमीटरला साधारण २ रुपये ४८ पैसे. ७१ किलोमीटरचे झाले १७६ रुपये.

५३० मधून १७६ गेले, उरले ३५४. ताशी ५७ रुपये.

इथे बहुतेक जण थांबतात. कारण पेट्रोलचे पैसे खिशातून रोज जातात, ते दिसतात. पुढचा खर्च दिसत नाही.

गाडी झिजते, पण सांगत नाही

वर्गमित्राने मेकॅनिककडची जुनी बिलं काढली. ऑइल बदलणं आणि सर्व्हिसिंग, दर ३,००० किलोमीटरला ९०० रुपये. म्हणजे किलोमीटरला ३० पैसे. दोन्ही टायर मिळून ३,२०० रुपये आणि ते १६,००० किलोमीटर चालतात, म्हणजे २० पैसे. बेल्ट, रोलर, ब्रेक शू, बॅटरी हे सगळं धरून २०,००० किलोमीटरमागे ३,००० रुपये, म्हणजे १५ पैसे. एकूण ६५ पैसे.

राहिली गाडीची किंमत. त्याने सेकंडहँड स्कूटर ५०,००० ला घेतली. अजून ४०,००० किलोमीटर चालवून विकली, तर २०,००० येतील असा त्याच्या मेकॅनिकचा अंदाज. म्हणजे ३०,००० रुपये ४०,००० किलोमीटरमध्ये विरघळणार, किलोमीटरला ७५ पैसे. ‘पण गाडी तर बाबांनी घेऊन दिलीय,’ असं तुम्ही म्हणाल. मग ती झीज बाबांच्या खिशातून जाते, एवढाच फरक. कॉलेजला जाण्यापुरती गाडी वापरली असती, तर ती पाच-सहा वर्षं सहज टिकली असती. रोज ७१ किलोमीटर चालवली तर तेवढं अंतर दोन वर्षांच्या आत संपतं.

६५ आणि ७५ मिळून किलोमीटरला १ रुपया ४० पैसे. ७१ किलोमीटरचे ९९ रुपये. पेट्रोलसकट गाडीचा पूर्ण खर्च आता किलोमीटरला ३ रुपये ८८ पैसे झाला.

३५४ मधून ९९ वजा केले, उरले २५५. त्याला ६ तास १० मिनिटांनी भागलं तर ताशी ४१ रुपये.

९३ वरून ८६, ८६ वरून ५७, ५७ वरून ४१. यात आम्ही चहा-वडापाव धरला नाही, कारण तो घरी असता तरी काही तरी खाल्लंच असतं. मोबाइलचा रिचार्जही धरला नाही, तो त्याला असाही लागतो. जेवढा खर्च या कामामुळेच वाढला, तेवढाच धरला. वही बंद करून तो म्हणाला, ‘अरे, म्हणजे अर्धे पैसे गाडीनेच खाल्ले की!’ खरंच, ५३० पैकी २७५ गाडीचे आणि २५५ त्याचे.

मोठी ऑर्डर म्हणजे जास्त पैसे?

हाच हिशोब एकेका ऑर्डरला लावला तेव्हा खरी गंमत कळली. त्या दिवशीची ‘भारी’ ऑर्डर होती ५२ रुपयांची, कर्वेनगरहून बावधनला. रेस्टॉरंटपर्यंत दीड किलोमीटर, तिथून बावधन ६, आणि बावधनमध्ये पुढची ऑर्डर मिळेना म्हणून रिकामं परत येताना ५. एकूण साडेबारा किलोमीटर, गाडीचा खर्च साधारण ४८ रुपये. पाऊण तास घालवून हातात उरले ४ रुपयांच्या आसपास.

आणि सगळ्यात ‘फालतू’ ऑर्डर होती २७ ची. रेस्टॉरंट अर्ध्या किलोमीटरवर, ग्राहक सव्वा किलोमीटरवर, परत येणं पाऊण किलोमीटर. एकूण अडीच किलोमीटर, खर्च १० रुपये. वीस मिनिटांत १७ रुपये सुटले.

म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आकडा आणि त्यातून उरणारे पैसे उलट्या दिशेने जाऊ शकतात. ऑर्डर वाजल्यावर नुसते रुपये बघू नका, ती तुम्हाला कुठे नेऊन सोडते ते बघा. जिथे सोडते तिथून दुसरी ऑर्डर मिळणार नसेल, तर परतीचे किलोमीटर मनातल्या मनात त्याच ऑर्डरच्या नावावर टाका. आता लांबच्या ऑर्डरी सरळ नाकारायच्या का? इतकं सोपं नाही. त्याच्या ॲपमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त ऑर्डरी नाकारल्या, तर त्या दिवशीचा इन्सेन्टिव्ह जातो. त्यामुळे कुठली नाकारायची हे जपून ठरवावं लागतं.

‘अजून दोनच ऑर्डर’

इन्सेन्टिव्हचा टप्पा हा या कामातला सगळ्यात मोठा ओढा आहे. त्याच्या ॲपवर शुक्रवारी ८ ऑर्डरींना ६० रुपये आणि ११ ऑर्डरींना १२० असे टप्पे होते. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी त्याच्या ९ ऑर्डरी झाल्या होत्या. तो कर्वेनगरमध्येच होता, दहा मिनिटांत घरी पोचला असता. पण ‘अजून दोनच’ म्हणून थांबला.

त्या दोन ऑर्डरींचे मिळाले ३३ आणि ३०, म्हणजे ६३ रुपये. इन्सेन्टिव्ह ६० वरून १२० झाला, म्हणजे आणखी ६०. एकूण १२३. पण त्यासाठी गाडी १६ किलोमीटर जास्त चालली, कारण शेवटच्या ऑर्डरने त्याला घरापासून लांब नेलं. त्याचा खर्च ६२. हातात ६१ रुपये, आणि ८५ मिनिटं उशीर. ताशी ४३.

म्हणजे घाट्याचा सौदा नव्हता. पण जरा बारकाईने बघा. इन्सेन्टिव्ह वगळला, तर त्या दोन ऑर्डरींतून सुटला फक्त १ रुपया. सगळी मदार अकराव्या ऑर्डरवर होती आणि ती वाजेल की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. पावणेबाराला एखादी संध्याकाळ दहावरच अडकते. तेव्हा दहाव्या ऑर्डरचे ३३ रुपये पेट्रोल आणि झिजेतच जातात. टप्प्याच्या मागे लागण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : शेवटची ऑर्डर नाही मिळाली, तर मला किती पडतील?

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा

३१ डिसेंबर २०२५ च्या गिग कामगारांच्या संपानंतर लगेचच, जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले होते. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये त्यांच्या डिलिव्हरी पार्टनरची टिप वगळून सरासरी ताशी कमाई १०२ रुपये होती. त्यात लॉगिन करून ऑर्डरची वाट बघण्याचा वेळही धरलेला होता. पेट्रोल आणि देखभालीपोटी त्यांनी साधारण २० टक्के वजा केले.

आमच्या शुक्रवारचा आकडा त्याच पद्धतीने काढला, म्हणजे टिप वगळली आणि फक्त लॉगिनचे तास धरले, तर ९० येतो. सरासरीपेक्षा थोडा कमी, पण फार लांब नाही. खरा फरक पडतो तो खर्चात. १०२ चे २० टक्के म्हणजे ताशी २० रुपये. वर्गमित्राच्या गाडीचं पेट्रोल आणि देखभाल मिळून किलोमीटरला ३ रुपये १३ पैसे पडतात. म्हणजे २० रुपयांत तासाला जेमतेम साडेसहा किलोमीटर बसतात. तो त्या दिवशी तासाला साडेअकरा किलोमीटर फिरला. सायकलवर किंवा इलेक्ट्रिक गाडीवर काम करणाऱ्यांचा खर्च वेगळा, त्यामुळे सरासरी खोटी आहे असं म्हणता येणार नाही. पण ती तुमची सरासरी असेलच असं नाही. तुम्ही तासाला किती किलोमीटर फिरता, हा आकडा काढलात की २० टक्के तुम्हाला लागू पडतात का, ते लगेच कळेल.

इलेक्ट्रिकचं म्हणाल, तर त्याचा रूममेट रोज २०० रुपये भाड्याने ई-स्कूटर घेतो. त्याला पेट्रोल नाही, झीज नाही. पण भाडं पाच तास चालवा की दहा तास, तेवढंच. दहा तास करणाऱ्याला ते ताशी २० पडतं, पाच तास करणाऱ्याला ४०. कॉलेज सांभाळून करणाऱ्याला म्हणूनच ते महाग जातं.

हा हिशोब तुम्हीच का करायचा?

कारण तुमच्या वतीने तो कुणी करत नाही. ॲपच्या भाषेत तुम्ही ‘पार्टनर’ आहात, नोकर नाही. त्यामुळे किमान वेतनाचा तासाचा दर इथे लागू होत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या केली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत द्यावी, अशी तरतूद केली. पण तो विषय विमा आणि इतर लाभांचा आहे. एका तासाला किमान किती मिळावेत, हे ती संहिता या कामगारांसाठी ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असा भाग असतो. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर आणि मालवाहतूक त्यात बसत नाही. गाडी घसरून नुकसान झालं, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. ॲप स्वतः अपघात विमा देत असेल, तर तो तुमच्या दवाखान्याचा आहे की गाडीचाही, हे वाचूनच रस्त्यावर उतरा.

पुढे काय झालं?

एका दिवसावरून निष्कर्ष काढायचा नाही म्हणून त्याने पुढचे सहा दिवस नोंदी ठेवल्या. सगळ्यात वाईट निघाला मंगळवार, ताशी २९ रुपये. सगळ्यात चांगला रविवार, ६३. रविवारी ऑर्डरचे दर जास्त होते असं नाही. ऑर्डरी जवळजवळच्या होत्या आणि दोन ऑर्डरींच्या मधली वाट बघणं कमी झालं होतं, म्हणून ६३.

नोंदींतून आणखी एक दिसलं. संध्याकाळी सहा ते सव्वासात या वेळात त्याला रोज एखादीच ऑर्डर मिळत होती. तो आता सव्वासातला निघतो. अकराचा टप्पा गाठायचा हट्ट सोडला. सव्वादहाला जिथे असेल तिथून घराच्या दिशेची ऑर्डर मिळाली तर घेतो, नाही तर लॉगआउट. रोजचे एकूण पैसे कमी झाले, पण ताशी रक्कम पन्नाशीच्या थोडी वर गेली, आणि सकाळचं लेक्चर चुकत नाही.

त्याने काम सोडलेलं नाही. ‘पन्नास तर पन्नास, पण मला माहीत आहे ते पन्नास आहेत,’ असं तो म्हणतो. आता दर महिन्याला गाडीच्या नावाने १,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. मागच्या आठवड्यात मागचा टायर बदलला, तेव्हा पहिल्यांदाच घरी फोन करावा लागला नाही.

तुमचा आकडा काढा

एक आठवडा एवढंच लिहा : घरातून निघाल्याची आणि परतल्याची वेळ, दोन्ही वेळचं मीटर रीडिंग, आणि ॲपवर जमा झालेली पूर्ण रक्कम. गाडीचा किलोमीटरमागचा खर्च एकदाच काढून ठेवा. मग :

खरी ताशी कमाई = (जमा रक्कम − मीटरवरचे किलोमीटर × किलोमीटरमागचा खर्च) ÷ घराबाहेरचे तास

आलेला आकडा कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’च्या दराशी, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पगाराशी, दहावीच्या मुलांच्या शिकवणीशी ताडून बघा. मग ठरवा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकलात, तर त्याच्याखाली मीटरचा फोटोही टाका.